'पुण्यानुमोदन': कोणी कशाला दिलेलं अनुमोदन?

पानगळ:
ऑफिसातल्या बौद्ध सहकाऱ्याचे वडील वारले. काल त्याने कार्ड हातात दिलं, त्यावर 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असं छापलंय. अनुमोदन हा शब्द मी आजवर सोसायटीच्या सभेतच ऐकला आहे. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. मग इथे ठराव कोणता आणि अनुमोदक कोण, गेलेले गृहस्थ की आम्ही जमणारे? त्याला विचारायची ती वेळ नव्हती, म्हणून इथे विचारते. श्रीलंका, थायलंड या देशांतही हाच शब्द चालतो असं ऐकलंय.

बोरूबहाद्दर:
सरळ आहे. अनुमोदन म्हणजे संमती. भिक्खूंना जेवण दिलं की पुण्य जमा होतं. ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती करावी तसं मृताच्या नावे करतात आणि जमलेले त्याला संमती देतात. पालीत याला 'पत्तिदान' म्हणतात. आपल्या धंद्यातल्या भागीदारीतली 'पाती', 'पातीदार', हे त्याच घरातले शब्द.

पाली वर्ग:
पत्तिदान बरोबर. पण ही 'पत्ती' म्हणजे संस्कृत 'प्राप्ती': आपल्याला मिळालेलं दुसऱ्याला देऊ करणं. 'पाती'शी नातं असेलही, मला ते ठामपणे सांगता येणार नाही.

संमतीचं मात्र पटत नाही. अनुमोदनातला धातू 'मुद्' आहे, मोद, प्रमोद, आमोद यांच्यातलाच. दुसऱ्याने केलेलं चांगलं पाहून आपणही मनापासून आनंदणं, हा मूळ अर्थ. सभेतलं अनुमोदन ही त्याची आक्रसलेली छटा.

खात्याची उपमाही इथे टिकत नाही. खात्यातून रक्कम गेली की शिल्लक कमी होते. पुण्य वाटलं तर देणाऱ्याचं कमी होत नाही. यासाठी दिव्याने दिवा लावल्याचा दाखला देतात. शिवाय ज्याचं कर्म त्याचंच असेल, तर एकाचं पुण्य दुसऱ्याला द्यायचं कसं, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर या शब्दातच आहे. नातलग दान करतात आणि ते गेलेल्याला उद्देशून बोलून दाखवतात. ते कळून तो आनंदतो. तो आनंद हेच त्याचं स्वतःचं कुशल कर्म, आणि फळ त्याचं मिळतं. म्हणजे पहिला अनुमोदक गेलेला माणूस. जमलेलेही आनंदले, तर त्यांनाही तेच लागू.

पानगळ:
पण गेलेल्याला कळायचं कसं?

पाली वर्ग:
म्हणून तर उद्देशून म्हणणं महत्त्वाचं. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या भाष्यात, बिंबिसार राजाची गोष्ट येते. त्याचे पूर्वीच्या जन्मांतले नातलग प्रेतयोनीत, म्हणजे भुकेल्या भुतांच्या जन्मात, जाऊन कितीतरी काळ त्याच्या दानाची वाट पाहत होते. राजाने बुद्धांना आणि संघाला जेवू घातलं, पण बुद्धांच्या राहण्याची सोय कुठे करावी या विचारात दान कोणाला उद्देशायचं ते विसरला. त्या रात्री वाड्यात भयंकर आक्रोश झाला. सकाळी बुद्धांनी त्याला कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने 'हे माझ्या नातलगांना लाभो' म्हणत पाणी दिलं, तेव्हा त्यांच्यासाठी कमळांची तळी झाली. अन्न दिलं तेव्हा अन्न मिळालं, वस्त्रं दिली तेव्हा वस्त्रं. पहिल्या दिवशीच्या दानात काही कमी नव्हतं, फक्त ते वाक्य राहून गेलं होतं. श्रीलंकेत आजही सातव्या दिवसाच्या दानाला घरचे 'इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो' म्हणतात आणि सुरईतून कपात पाणी ओततात. कप भरून खालच्या ताटलीत ओघळेपर्यंत धार चालू ठेवतात.

मुक्काम बँकॉक:
इथलं सांगतो. सासऱ्यांचं शंभराव्या दिवसाचं पुण्यकार्य माझ्याच हातून झालं. पुण्याला इथे 'बुन' म्हणतात आणि पुण्य करण्याला 'थाम बुन'. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे भात, कालवणं, फळं, सगळं सकाळी अकराच्या आत वाढून झालं होतं. जेवण झाल्यावर ज्येष्ठ भिक्खू एकटे सुरू करतात: 'यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं'. भरलेल्या नद्या जसा समुद्र भरतात, तसं इथे दिलेलं तिकडे पोचतं, असा पुढचा भाव. 'यथा' कानावर पडलं की पितळी सुरईतून वाटीत बारीक धार सोडायची. ती तुटू द्यायची नाही. मग बाकीचे भिक्खू एकदम 'सब्बीतियो' उचलतात. तोवर पाणी संपलेलं असावं आणि हात जोडलेले असावेत. थाई लोक म्हणतात, 'यथा भुतांसाठी, सब्बी माणसांसाठी'. पहिला भाग गेलेल्यांचा, दुसरा जिवंतांना आशीर्वाद. माझी धार सब्बीपर्यंत लांबली, तशी बायकोने कोपराने खुणावलं. नंतर ते पाणी तिने अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी ओतलं.

अनुमोदना हा शब्द इथे रोज कानावर पडतो. कोणी दान करून आलंय कळलं की दुसरा हात जोडून 'अनुमोथना' म्हणतो. विहाराला देणगी दिली की मिळणाऱ्या पावतीलाही 'बाय अनुमोथना' म्हणतात. प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर पूर्वी तीच जोडायचे.

बोरूबहाद्दर:
संमती हा अर्थ मागे घेतो. पण भिक्खूंच्या 'पिंडपाता'त पिंड आहेच. म्हणजे मुळात हे आपलं पिंडदानच ना?

वऱ्हाडी:
आमच्याबद्दल असं म्हणू नका. 1956 साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे स्पष्ट आहे. माझी आई गेली तेव्हा भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, त्यांना भोजनदान झालं. मग एकेकाने उठून तिच्या आठवणी सांगितल्या. वस्तीतल्या बायकांना तिने रात्री बसून अक्षरं शिकवली, हे मला त्या दिवशी कळलं. प्रेत, भूत हा विषयच नव्हता. तिने केलेल्या चांगल्याचा आम्ही आनंद मानला. आमच्या घरी पुण्यानुमोदनाचा अर्थ हाच.

पाली वर्ग:
तुमच्याकडे दिशा उलटी झाली म्हणायची. तिकडे जिवंतांच्या पुण्याने गेलेला आनंदतो, तुमच्या घरी गेलेल्याच्या पुण्याने जिवंत. 'मुद्' धातूत दोन्ही बसतं.

पिंडाचं असं की पालीत पिंड म्हणजे नुसता घास, अन्नाचा गोळा. पिंडपात म्हणजे भिक्षापात्रात पडलेलं अन्न, ते जिवंत भिक्खूच्या पोटात जातं. पण बोरूबहाद्दरांना कंबोडियात आधार सापडेल. तिथल्या 'प्चुम बेन' या सणातला 'बेन' म्हणजे पिंडच. सण भाद्रपदाच्या वद्य पक्षातला, पंधरा दिवसांचा. पहाट व्हायच्या आत लोक विहाराभोवती भाताचे गोळे टाकतात आणि दिवस वर आल्यावर भिक्खूंना जेवण देतात. भात जमिनीवर टाकावा की भिक्खूंनाच द्यावा, यावर तिथेही वाद आहे.

पानगळ:
आणि गेलेला माणूस प्रेत झालाच नसेल तर? चांगल्या जन्माला गेला असेल तर?

पाली वर्ग:
हाच प्रश्न जाणुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना विचारला होता. तिथे त्याच्या तोंडी 'सद्ध' हा शब्द आहे, म्हणजे आपलं श्राद्धच. उत्तर असं: नरकात, पशुयोनीत, मनुष्यांत किंवा देवांत जन्मलेल्याला हे पोचत नाही, प्रेतयोनीतल्यालाच पोचतं. तो तिथे नसेल तर दुसरे नातलग असतील, त्यांना पोचेल. तेही नसतील तर? बुद्ध म्हणतात, इतक्या दीर्घ संसारात ती जागा आपल्या नातलगांवाचून रिकामी असेल हे शक्य नाही. आणि देणाऱ्याला फळ मिळतंच.

पानगळ:
'जलदान' राहिलं. ते या पाण्याच्या धारेवरूनच आलं असेल का?

वऱ्हाडी:
आमच्याकडे अशी धार धरलेली मी पाहिली नाही. आईच्या वेळी तिच्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या ठेवला होता, एवढं आठवतं. मोठ्या मावशीला विचारून सांगते.