फोटो कधीचा, हे शेडच सांगते

> कलाकृतीच उरली नसेल तर जुना फोटो कधीचा, हे कसं ठरवतात?

अमेरिकन कलाकार रॉबर्ट स्मिथसनची ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातली ‘पार्शली बरीड वुडशेड’ ही कलाकृती घ्या. जानेवारी 1970 मध्ये त्याने एका जुन्या लाकडी शेडवर 20 गाड्या माती ओतवली आणि मधली तुळई तडकताच काम थांबवलं. पुढची झीज हा कामाचाच भाग, असं त्याने ठरवून दिलं होतं. म्हणून पडझडीचे टप्पेच इथे तारखांचं काम करतात.

4 मे 1970 ला याच विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळीबार केला; त्यानंतर कुणीतरी शेडच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या रंगात ‘मे 4 केंट 70’ लिहिलं. अक्षरं दिसली, की फोटो त्यानंतरचा. अर्धी शेड जळालेली दिसली, तर 1975 च्या आगीनंतरचा. उरलेलं लाकूड 1984 मध्ये हटवलं.

फसगत होते ती मागून काढलेल्या फोटोंत. तिथून अक्षरं दिसतच नाहीत, त्यामुळे ‘अक्षरं नाहीत म्हणजे मेच्या आधीचा’ हा निष्कर्ष चुकतो. अशा वेळी मातीचा उतार पाहावा: ताजा ढीग उघडा असतो, जुना खचून गवताने झाकलेला. जागेवर पाया आणि मातीचा उंचवटा उरला आहे, त्यावरून कॅमेरा कुठे होता हेही ताडता येतं.