मदत हवी आहे: अंथरुणाला पाठ टेकली की पाय वळवळतात

माझं वय ४३. दोन महिने झाले, रात्री आडवी झाले की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं. दुखत नाही, गोळाही येत नाही. पाय हलवले की थांबतं, स्थिर ठेवले की पुन्हा सुरू. काल दीड वाजता स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. (नवरा म्हणतो, झोपेतही लाथा मारतेस!)

मागच्या आठवड्यात सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी घेतली. गुंगी आली, पण पायांनी कहर केला. गोळी बंद केल्यावर जरा कमी झालं.

पाळीत रक्तस्राव खूप होतो. हिमोग्लोबिन १२.१ आहे म्हणून निर्धास्त होते, पण डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी करायला लावली, ते १८ निघालं. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. डॉक्टर म्हणाले, या त्रासात ७५ च्या खाली असेल तर लोह देतात. गोळी एक दिवसाआड, लिंबूपाण्यासोबत, चहापासून लांब.

हा त्रास असलेल्या कुणी लोह घेतलंय का? फरक पडायला किती आठवडे लागले? आणि सर्दीला पायांना न छळणारं काय घेता? जेवणानंतरचा चहा सोडून कुणाला फरक पडला का, तेही सांगा. माझा जीव त्यातच अडकलाय.