मदत हवी आहे: अ‍ॅप काढून टाकलं तरी आईच्या खात्यातून पैसे जातच आहेत

पेडण्याची_लेक
आई पेडण्याला एकटी असते, मी नोकरीसाठी पणजीत. तिचं वय 62, बाबांची पेन्शन तिच्या खात्यात येते. परवा पासबुक भरून आणलं आणि रात्री दोघींनी एकेक ओळ वाचली. दर महिन्याच्या 5 तारखेला 199 रुपये, पुढे UPI आणि MANDATE. दर तीन महिन्यांनी 850, पुढे ACH D आणि आम्ही कधी न ऐकलेलं नाव. एका ठिकाणी 295, ते कशाचे कळत नाही. मे अखेरीस 20 रुपयेही गेलेत.

199 चं आठवलं. भाऊ बोटीवर असतो. गेल्या चवथीला आला तेव्हा आईला मालिका बघायला अ‍ॅप घालून दिलं होतं. तो फोन फुटला, नव्या फोनवर ते अ‍ॅपच नाही. तरी पैसे कसे जातात? आणि आईला मेसेज का येत नाहीत? ती दर महिन्याला औषधांचा हिशोब वहीत लिहिते, मला फार वाईट वाटलं.

म्हापशेकर
एटीएम कार्ड ब्लॉक करून नवीन घ्या. माझ्या कार्डावरून परदेशी साइटचे पैसे जात होते, कार्ड बदलल्यावर बंद झाले.

वास्को_79
माझं वीजबिल दोनदा कापलं गेलं. एकदा आपोआप, एकदा मी स्वतः भरलं. परत कसं मिळेल?

निवृत्त_कॅशियर
वास्कोवाले, तुमचं जास्तीचं सहसा पुढच्या बिलात वळतं होतं, वीज कार्यालयात दोन्ही पावत्या दाखवा.

म्हापशेकर, तुमची परवानगी कार्डावर होती म्हणून जमलं. या ताईंची एक यूपीआयवर आहे, दुसरी थेट खात्यावर. कार्ड बदलून त्या दोन्ही हलणार नाहीत. परवानगी जिथे दिली तिथेच ती मोडावी लागते.

ताई, आधी 199 बघा. अ‍ॅप काढलं म्हणजे फक्त फोनवरचं चित्र गेलं, बँकेकडची परवानगी तशीच राहते. आईचं सिमकार्ड तेच असेल तर भावाने तेव्हा पैसे भरायला जे यूपीआय अ‍ॅप वापरलं, तेच नव्या फोनवर घाला. दुसऱ्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ती परवानगी दिसेलच असं नाही. आत प्रोफाइलमध्ये AutoPay किंवा Mandates असं काही असेल. तिथे Pause करू नका, मुदत संपली की ते पुन्हा सुरू होतं. Cancel किंवा Revoke करा. आणि 4 तारखेच्या रात्रीपर्यंत थांबू नका.

यूपीआय आणि कार्डाच्या वसुलीआधी किमान 24 तास सूचना द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती बहुधा जुन्या अ‍ॅपमध्ये किंवा बँकेकडे नोंदलेल्या नंबरावर येत असणार. तो नंबर बाबांचा तर नाही ना?

ते 20 रुपये थांबवू नका. मे अखेरीस 20 जातात ते सहसा प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे.

सत्तरीचो_भाऊ
खात्यात पैसेच ठेवू नका, मग कापणार कुठून?

निवृत्त_कॅशियर
मला वाटतं त्या 295 चं मूळ तेच आहे. वसुली आली आणि शिल्लक कमी पडली की बँक दंड लावते. 250 वर 18 टक्के जीएसटी धरला की बरोबर 295 होतात. ताई, त्याच सुमाराला 850 ची ओळ हुकली आहे का बघा.

पेडण्याची_लेक
काका, हुकलीच आहे! त्या महिन्यात पेन्शन उशिरा आली होती.

आणि नंबर खरंच बाबांचा होता, दोन वर्षांपासून बंद. काल शाखेत जाऊन आईचा घातला. जुनं यूपीआय अ‍ॅपही घातलं. AutoPay मध्ये 199 ची नोंद Active दिसत होती, आता Revoked दिसते. आईने स्वतःच्या हाताने केलं.

850 चं मात्र अडलंय. शाखेत म्हणतात, कंपनीकडे जा. कंपनीचा फोन कोणी उचलत नाही.

निवृत्त_कॅशियर
तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या: या वसुलीचा यूएमआरएन, म्हणजे परवानगीचा नोंदणी नंबर, आणि मूळ परवानगीची प्रत द्यावी. त्यावरून कळेल की सही कोणाची आणि पैसे कशाचे. बाबांनी आईच्या नावे विमा काढलेला असू शकतो, म्हणून कागद हातात आल्याशिवाय रद्द करू नका. कर्जाचा हप्ता निघाला तर वसुली थांबवली तरी देणं राहतंच. दोन्ही नसेल तर परवानगी रद्द करा असा अर्ज शाखेतच द्या. प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तेव्हा तो शिक्का लागतो.

म्हापशेकर
दंडाचे 295 परत मिळतील का?

निवृत्त_कॅशियर
परवानगी आईची नसेल तर हक्काने मागा. तिचीच निघाली तर व्यवस्थापकाला विनंती करायची, देतीलच असं मी सांगू शकत नाही.

पेडण्याची_लेक
सोमवारी अर्धी रजा टाकून आईला घेऊन जाते. प्रत मिळाली की इथेच लिहीन.