'वर १० टक्के सूट' : कशाच्या वर?

वैशाली, चाळीसगाव
भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी घरी गणित शिकवते. पुढच्या गणितातल्या एका 'वर'वरून वर्गात दोन तट पडले आहेत.

"एका व्यापाऱ्याने साडीवर खरेदी किमतीपेक्षा जास्त किंमत छापली. छापील किमतीवर २० टक्के आणि वर १० टक्के सूट देऊनही त्याला ८ टक्के नफा झाला. दुसरी सूट दिली नसती, तर त्याला ९६ रुपये जास्त मिळाले असते. साडीची खरेदी किंमत किती?"

निम्मी मुलं म्हणतात, 'वर' म्हणजे 'शिवाय'. २० आणि शिवाय १०, म्हणजे छापील किमतीवर सरळ ३० टक्के. बाकीची म्हणतात, २० टक्के गेल्यावर जे उरलं त्यावर १०. पहिल्यांचं उत्तर ६२२ रुपये २२ पैसे येतं, दुसऱ्यांचं ८००. बोलण्यात आपण 'वर' दोन्ही अर्थांनी वापरतो. गणितात कोणता धरायचा, आणि का?

भरती_नंदुरबार
ताई, दुसरा अर्थ बरोबर. सूत्र आहे: दोन्हींची बेरीज, वजा गुणाकार भागिले शंभर. २० आणि १० मिळून ३०, त्यातून २ गेले, २८ टक्के सूट. आता २८ सूट देऊनही ८ नफा, म्हणजे त्याने ३६ टक्के वाढवून किंमत छापली असणार. पुढे ९६ वापरून खरेदी काढायची. फक्त सूट याच क्रमाने द्यायची, आधी १० मग २० केलं की उत्तर बदलतं.

गिरणाकाठ
२८ पर्यंत तुमचं बरोबर आहे. ३६ मात्र चुकलं, आणि ही चूक फार जणांची होते, म्हणून थोडं थांबू या.

३६ धरून ताळा करा. खरेदी १०० रुपये, छापील १३६. त्यावर २० टक्के सूट, राहिले १०८ रुपये ८० पैसे. त्यातून १० टक्के गेले की ९७ रुपये ९२ पैसे. म्हणजे व्यापाऱ्याला दोन रुपये तोटा! ८ टक्के नफा कुठे गेला? गेला नाही, मुळात बेरीजच करता येत नव्हती. २८ टक्के हे छापील किमतीचे आहेत आणि ८ टक्के हे खरेदी किमतीचे. दोघांचे शंभर वेगळे.

म्हणून मी मुलांना प्रत्येक टक्क्यापुढे 'कशाचे' हे लिहायला लावत असे. या गणितात किंमत रुपयांत कुठेच दिलेली नाही, ना छापील ना खरेदी. पण विक्रीची किंमत दोघांनाही ओळखते. छापीलकडून पाहिलं तर ती शंभरातले ७२. खरेदीकडून पाहिलं तर शंभराचे १०८. एकाच रकमेची ही दोन नावं आहेत. छापीलचे ७२ भाग म्हणजे खरेदीचे १०८ भाग, तर छापीलचे १०० भाग म्हणजे खरेदीचे १५०. छापील किंमत खरेदीच्या दीडपट निघाली. व्यापाऱ्याने ५० टक्के वाढवली होती, ३६ नाही.

क्रमाचं म्हणाल, तर टक्केवारीत तो बदलून काही फरक पडत नाही. ८० चे ९० टक्के आणि ९० चे ८० टक्के, दोन्ही ७२.

भरती_नंदुरबार
पण सर, आमच्याकडच्या दुकानात बदलतं. मी स्वतः बघितलंय.

पाचकंदील, धुळे
दोघंही आपापल्या जागी बरोबर. दुकानात एक सूट टक्क्याची आणि दुसरी रोख रुपयांची असते, तिथे क्रम बदलला की बिल बदलतं. १२०० च्या वस्तूवर आधी २० टक्के काढले आणि मग १०० रुपये, तर ८६०. आधी १०० काढले आणि मग २० टक्के, तर ८८०. गिऱ्हाईक पहिला हिशोब मागतं, आम्ही दुसरा करतो. दोन्ही टक्के असले तर कसेही करा.

आता 'वर'चं. माझं मोटारपंप आणि वायरचं दुकान. कंपनीची लिस्ट येते, त्यावर आम्हाला 'पस्तीस प्लस दहा प्लस पाच' मिळतं. यात बेरीज कोणीच करत नाही. १०० चे ६५, ६५ चे साडेअठ्ठावन्न, त्यातून पाच टक्के गेले की साधारण ५५ रुपये ५८ पैसे. ५० धरून बसणारा नवा माणूस पहिल्याच महिन्यात फसतो. व्यापारात 'वर दहा' म्हणजे उरलेल्यावरच दहा, यात वाद नाही.

मेहरूणच्या काकू
मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला जळगावातच गेलो. दुकानाबाहेर मोठ्या अक्षरांत 'मजुरीवर २५ टक्के सूट'. मी धरून चालले की बिलातून पाव भाग कमी होणार. समजा लाखाचं सोनं आणि त्यावर १२ टक्के मजुरी, म्हणजे १२ हजार. सूट त्या १२ हजारांवर, ३ हजार फक्त. एवढ्या मोठ्या बिलात ती कुठे दिसेना. त्यांनी लिहिलं होतं बरोबर, पण वाचणारा 'सूट' आणि आकडा एवढंच वाचतो. तुमच्या गणितात मजुरी कुठे धरली आहे?

गिरणाकाठ
काकू, या गणितात मजुरी नाही. व्यापाऱ्याला साडी जेवढ्याला पडली, ती त्याची खरेदी किंमत. आणलावळ, हमाली असेल तर तीही त्यातच. पण तुमचं उदाहरण अगदी योग्य जागी आलं. तिथे 'वर' च्या आधी 'मजुरी' लिहिलेलं होतं, म्हणजे कशावर ते स्पष्ट होतं. वैशालीताईंच्या गणितात दुसऱ्या 'वर'च्या आधी काहीच नाही, अडचण तीच.

आता त्या ९६ कडे येऊ. गणिताची खरी गंमत तिथे आहे. दुसरी सूट दिली नसती तर विक्री छापीलच्या ८० भागांना झाली असती, दिल्यामुळे ७२ ला झाली. फरक ८ भागांचा, १० चा नव्हे. छापीलचे ८ टक्के ९६, तर छापील १२००. दीडपटीचा हिशोब उलटा केला की खरेदी ८००.

ताळा खरेदीच्या बाजूने करा. एकच सूट असती तर साडी ९६० ला गेली असती, नफा १६०, म्हणजे २० टक्के. दोन्ही सुटींनी ८६४ ला गेली, नफा ६४, म्हणजे ८ टक्के. फरक १२ टक्क्यांचा, आणि ८०० चे १२ टक्के पुन्हा ९६. तेच ९६ रुपये छापीलचे ८ टक्के आहेत, खरेदीचे १२ टक्के आहेत आणि पहिल्या सुटीनंतर उरलेल्या ९६० चे १० टक्के आहेत. हे तिन्ही जुळले की उत्तर पक्कं.

वैशाली, चाळीसगाव
सर, हा तिहेरी ताळा उद्याच फळ्यावर घेते. पण ३० टक्केवाल्या मुलांना चूक कशी दाखवू? त्यांचाही ताळा जुळतो. छापील ९६०, विक्री ६७२, खरेदी ६२२ रुपये २२ पैसे, ८ टक्के नफा. फक्त पैसे विचित्र येतात म्हणून चूक म्हणायचं?

गिरणाकाठ
नाही, पैशांवरून चूक ठरवू नका. उत्तर सुबक आलं म्हणजे बरोबर, ही सवय मुलांना परीक्षेत बुडवते. त्यांनी शब्दाचा दुसरा अर्थ घेतला आणि त्या अर्थाने गणित नीट सोडवलं. दोष वाक्याचा आहे. प्रश्न काढणाऱ्याने 'उरलेल्या किमतीवर' किंवा 'लागोपाठ' लिहायला हवं होतं.

भरती_नंदुरबार
काही जुन्या प्रश्नांत 'अंकित किंमत' असतं, ती म्हणजे दर्शनी किंमत ना?

गिरणाकाठ
अंकित किंमत म्हणजे छापीलच, हिंदीतून आलेला शब्द. दर्शनी किंमत शेअरची असते, ती इथे आणू नका. आठवीच्या पुस्तकात 'छापील किंमत' आहे, तोच चांगला.

पाचकंदील, धुळे
सर, 'छापील'वर मला थोडं बोलायचंय. पाकिटावरची एमआरपी कंपनी छापते, करासकट, तिच्यापेक्षा जास्त आम्ही घेऊच शकत नाही. तुमच्या साडीवाल्याने मात्र किंमत स्वतः छापली. गणितात दोन्हींना एकच शब्द. मुलं एमआरपी डोळ्यासमोर आणतात आणि विचारतात, दुकानदार किंमत वाढवतोच कशी?

दुसरं असं, आमच्याकडे 'इतके टक्के मार्जिन' म्हणतात ते पुष्कळदा विक्रीवर असतं. ८०० ची वस्तू ९६० ला गेली, तर तुमच्या पुस्तकात नफा २० टक्के, आमच्या बोलण्यात पावणेसतरा सुद्धा नाही. मग तुमच्या गणितातले ८ टक्के खरेदीवरचे, हे कशावरून?

गिरणाकाठ
शाळेचा आणि परीक्षेचा संकेत आहे तसा: वेगळं सांगितलं नसेल तर नफा-तोटा खरेदीवर, सूट छापीलवर. विक्रीवर धरायचा असला तर प्रश्नात तसं लिहितात. पण हा संकेत आहे, शब्दाच्या पोटातला अर्थ नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

मेहरूणच्या काकू
'तीनवर एक फुकट' यात पण तोच 'वर' ना? म्हणजे ३३ टक्के सूट?

भरती_नंदुरबार
नाही काकू, २५. घरी चार नग आले आणि पैसे तीनचे गेले. छापील चारची, सूट एकाची.

गिरणाकाठ
शाब्बास. दिलेल्या तीनच्या मानाने ती तेहतीस आहे, घेतलेल्या चारच्या मानाने पंचवीस. सूट छापीलवर मोजायची, म्हणून पंचवीस.

वैशाली, चाळीसगाव
मी आता प्रश्न असा लिहिणार: 'छापील किमतीवर २० टक्के आणि उरलेल्या किमतीवर १० टक्के सूट'. 'लागोपाठ दोन सुटी' लिहिलं तर मुलांना दिवाळी-उन्हाळा आठवतो.

पाचकंदील, धुळे
पण ताई, दुकानाच्या पाटीवर कोणी 'उरलेल्या किमतीवर' लिहिणार नाही. मुलांना 'वर' वाचता आलंच पाहिजे. परीक्षेतही तसंच येणार.

गिरणाकाठ
प्रश्नपत्रिकेत हा शब्द मोघम राहू नये, असं मला वाटतं. यावर आपलं एकमत होईलसं दिसत नाही.

वैशाली, चाळीसगाव
दादा, एक विचारते. गणितात खरेदी किंमत आडून सांगतात. साडीच्या दुकानात चिठ्ठीवर किमतीखाली दोन-तीन अक्षरं लिहिलेली असतात, ती तीच का?

पाचकंदील, धुळे
तीच. ज्यात एकही अक्षर दोनदा येत नाही असा दहा अक्षरांचा शब्द दुकान ठरवतं, पहिलं अक्षर १, दुसरं २, असं दहावं ०. साडी ८०० ला पडली असेल तर आठवं अक्षर आणि मग दहावं दोनदा. गिऱ्हाईक 'कितलाले?' म्हणून घासाघीस करू लागलं की पोरगा चिठ्ठी बघतो आणि किती खाली जाता येईल ते त्याला कळतं. कोणी 'दोनदा' कळू नये म्हणून पुन्हा आलेल्या अंकाला अकरावं अक्षर ठेवतं. आमच्या शेजारच्या कापडवाल्याचा शब्द मला माहीत आहे, पण तो इथे लिहिता येणार नाही.