मदत हवी आहे: ईसॉपचं ग्रँट लेटर वाचताना गोंधळ, राजीनामा १ जूनला द्यावा की १५ जूनला?

पाषाण_तलाव
नमस्कार मंडळी. बाणेरमधल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत काम करतो. कंपनी लिस्टेड नाही. राजीनामा द्यायच्या आधी ईसॉपचं पत्र समजून घ्यायचं आहे. पत्रात एवढंच आहे:

एकूण ऑप्शन ४८००. ग्रँटची तारीख १० ऑगस्ट २०२३. ग्रँटपासून एक वर्षाने २५ टक्के व्हेस्ट, त्यानंतर दर तिमाहीला ३००. एक्झरसाइज प्राइस ९० रुपये. नोकरी सोडल्यास व्हेस्ट झालेले ऑप्शन ९० दिवसांत एक्झरसाइज करायचे, नाहीतर लॅप्स. बाकी अटी स्कीमप्रमाणे.

मी १६ जानेवारी २०२३ ला रुजू झालो. नोटीस ६० दिवसांची आहे. १ जूनला राजीनामा दिला तर ३१ जुलै २०२६ हा शेवटचा दिवस येतो, म्हणजे ४२ महिने पूर्ण. ४८ पैकी ४२ भाग धरले तर ४२०० ऑप्शन माझे झाले ना? एचआर म्हणते सध्याची फेअर व्हॅल्यू ४१० आहे. मग दर ऑप्शनमागे ३२० रुपये फुल अँड फायनलमध्येच मिळतील का?

खराडी_बायपास
एवढं अवघड काही नसतं हो. आमच्याकडे व्हेस्ट झाले की शेअर थेट ब्रोकरच्या खात्यात दिसतात. टॅक्सपुरते आपोआप विकले जातात, उरलेले आपले. आपल्या खिशातून एक रुपया जात नाही.

जमाखर्च
खराडी_बायपास, तुमचे ते आरएसयू, आणि बहुधा अमेरिकेत लिस्टेड असलेल्या मूळ कंपनीचे. त्यात एक्झरसाइज प्राइस नसते आणि शेअर बाजारात विकता येतो. धागाकर्त्याच्या पत्रात या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

पाषाण_तलाव, आधी मोजणी. घड्याळ रुजू झाल्यापासून नाही, ग्रँटच्या तारखेपासून चालतं. तुमच्या पत्रात तसंच लिहिलंय. शिवाय पहिल्या वर्षानंतर महिन्याचा हिशेबच नाही, तिमाहीचा आहे. १० ऑगस्ट २०२४ ला १२०० झाले. पुढे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट यांच्या १० तारखेला ३००-३००. १० मे २०२६ पर्यंत असे सात हप्ते झाले, म्हणजे २१००. एकूण ३३००. ३१ जुलैला निघालात तर मेनंतरच्या पावणेतीन महिन्यांचं काहीही मिळत नाही, कारण दोन तारखांच्या मध्ये ऑप्शन तुकड्याने व्हेस्ट होत नाहीत.

आता ९० रुपये. ते तुम्ही कंपनीला भरायचे आहेत. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ९० ला शेअर विकत घेण्याचा हक्क आहे. फुल अँड फायनलमध्ये यातलं काहीही येत नाही. तुम्ही एक्झरसाइजचा अर्ज देता, पैसे भरता, मग कंपनी शेअर देते. आणि त्याच वेळी टॅक्स लागतो, तोही शेअर न विकता.

सहकारनगर_९
टॅक्सबद्दल थोडी दुरुस्ती. स्टार्टअपमध्ये टॅक्स पुढे ढकलता येतो. कंपनीला केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी विभागाची मान्यता असेल तर शेअर विकताना भरला तरी चालतो. घाबरू नका.

जमाखर्च
अर्धं बरोबर आहे. नुसती डीपीआयआयटीची मान्यता पुरत नाही. स्टार्टअपच्या करसवलतीसाठीचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मान्यता मिळालेल्या बऱ्याच कंपन्यांकडे ते नसतं. ते असलं तरी सवलत संपण्याची एक अट म्हणजे नोकरी सोडणं. म्हणजे जो माणूस सोडतोय, त्याच्या ती उपयोगाची नाही.

म्हणून रक्कम मांडून बघा. ३३०० गुणिले ९० म्हणजे २,९७,००० कंपनीला. फरक ३२० चा, त्यावर ३३०० ऑप्शनचे १०,५६,००० तुमच्या पगाराच्या उत्पन्नात धरले जातील. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात आणि सरचार्ज लागत नाही असं धरलं, तर सेससह सुमारे ३.२९ लाख टॅक्स. तोवर पगार बंद झालेला असेल, तेव्हा कंपनी हा टॅक्स शेअर देण्याआधी तुमच्याकडूनच मागेल. एकूण सव्वासहा लाखांच्या वर रोख लागेल. ९० दिवस ३१ जुलैपासून मोजले तर २९ ऑक्टोबरपर्यंत.

पुढे शेअरची किंमत २०० झाली तरी ४१० च्या हिशेबाने भरलेला टॅक्स परत येत नाही. तोटा भांडवली धरला जातो, पगारातून वजा होत नाही. हे लोकांच्या फार उशिरा लक्षात येतं.

पाषाण_तलाव
बाप रे. सव्वासहा लाख रोख नाहीत. १५ जूनला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस १४ ऑगस्ट येतो आणि १० तारखेचे ३०० पदरात पडतात, हे बरोबर का? नवीन कंपनी मात्र ५ ऑगस्टला या म्हणतेय.

जमाखर्च
हे पत्रावरून सांगता येणार नाही. "स्कीमप्रमाणे" ही ओळ तिथेच महत्त्वाची आहे. २०१४ च्या शेअर कॅपिटल नियमांतल्या नियम १२ मध्ये राजीनाम्याच्या "त्या दिवशी" व्हेस्ट न झालेले ऑप्शन संपतात असं आहे. तो दिवस कोणता, हे स्कीमच्या व्याख्यांमध्ये बघायचं. काही स्कीम शेवटचा कामाचा दिवस धरतात, काही राजीनामा दिल्याची तारीख. दुसरा प्रकार असेल तर १ जून काय नि १५ जून काय, ३३०० च. कंपनीने नोटीस पूर्ण करू न देता आधी रिलीव्ह केलं तरी १० ऑगस्ट हुकू शकतो. आणि त्या ३०० चा आजचा कागदोपत्री फायदा ९६,००० आहे, टॅक्सच्या आधी. त्यासाठी नवीन नोकरीची तारीख ताणायची का, ते तुम्ही ठरवा.

सगळे घेतलेच पाहिजेत असंही नाही. स्कीममध्ये थोडे एक्झरसाइज करायची मुभा असेल तर १००० घ्या: ९०,००० भरायचे आणि साधारण एक लाख टॅक्स.

कोथरूड_डेपो
आणखी एक. ४१० हा आकडा कधीचा, ते विचारा. अनलिस्टेड शेअरसाठी मर्चंट बँकरचं मूल्यांकन एक्झरसाइजच्या आधीच्या १८० दिवसांतलं लागतं. ते जुनं झालं किंवा मध्ये फंडिंगचा राउंड आला, तर तुमच्या ९० दिवसांतच नवीन आकडा येऊ शकतो आणि टॅक्स त्यावर बसेल. कित्येकदा एचआर शेवटच्या राउंडचा भाव सांगते. तो आणि मर्चंट बँकरचा आकडा एक नसतो.

पाषाण_तलाव
एचआरकडून स्कीमची पीडीएफ मिळाली. त्यात "सेवा समाप्तीची तारीख" अशी व्याख्या आहे: "राजीनामा लागू होण्याची तारीख". याचा अर्थ काय धरायचा?

सहकारनगर_९
लागू म्हणजे स्वीकारला तो दिवस.

जमाखर्च
माझ्या वाचनात शेवटचा कामाचा दिवस, पण सहकारनगर_९ म्हणतात तसा अर्थही कुणी लावेल. वाद होण्यासारखी शब्दरचना आहे. राजीनामा देण्याआधी कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा, तोंडी उत्तर घेऊ नका. तीन प्रश्न विचारा: माझ्या बाबतीत ही तारीख कोणती, ९० दिवस कोणत्या तारखेपासून, आणि त्या काळात एक्झरसाइज कधीही करता येतं की कंपनी ठरवेल त्या खिडकीतच. तिसरा सोडू नका. काही स्कीममध्ये एक्झरसाइज लिस्टिंग किंवा कंपनी विकली जाण्याच्या वेळीच होतं. तसं असेल तर ९० दिवसांच्या अटीचा अर्थच वेगळा लागतो.

पाषाण_तलाव
आज ईमेल टाकतो. तोवर राजीनामा ड्राफ्टमध्येच. उत्तर आलं की इथे लिहीन.