प्रतिसाद: उष्माघातात तापाची गोळी

> तासगावात बेदाण्याच्या शेडवर गडी पडला. अंग चटका बसेल असं तापलेलं, असंबद्ध बडबडत होता. घाम येत होता, म्हणून ताप समजून पॅरासिटामॉल दिली. चाललं ना?

नाही दादा, त्या गोळीचा इथे उपयोग नाही. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी तो आदेश मागे घ्यायला लावते. उष्माघातात आदेश 37 अंशांचाच असतो, पण काम आणि ऊन मिळून तयार होणारी उष्णता शरीराला बाहेर टाकता येत नाही. शिवाय तापलेल्या यकृतावर गोळीचा बोजा नको. घाम होता म्हणून फसू नका, कष्टाच्या कामात उष्माघात घामासकटही होतो. खरी खूण म्हणजे बडबड, कारण मेंदू बिघडायला लागलेला असतो.

अशा वेळी 108 ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत नेऊन कपडे काढा आणि पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवा, डोकं एकाने धरून ठेवा. टाकी नसेल तर सतत पाणी ओता आणि जोरात वारा घाला. लिटरभर पाणी अंगावरून वाळताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता नेतं. दमट हवेत ते वाळत नाही, तिथे बुडवणंच बरं. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी नको, ते श्वासनलिकेत जातं. (खिशातला कांदा खिशातच राहू द्या.)

महाबळेश्वरच्या पावसात भिजून गारठलेल्याचं उलटं असतं: ओले कपडे काढून छाती-पोट उबदार ठेवा. दारू नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली ऊबही जाते. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला, तर ती सुधारणा नव्हे.