जाड, लठ्ठ, स्थूल : ऑफिसातल्या भाषणात कुठला शब्द?

तळटीप : आमच्याकडे आरोग्य तपासणीच्या दिवशी मला वीस मिनिटं बोलायचंय. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे. वेलनेस व्हॉलंटियर म्हणून नाव दिलंय इतकंच. विषय आहे, एकमेकांच्या वजनाबद्दल नावं न ठेवता कसं बोलायचं. गेल्या वर्षी कॅन्टीनबाहेर काटा ठेवला होता. लिहून घेणारा मुलगा आकडा मोठ्यानं सांगायचा, "ब्याण्णव! पुढचे या." रांगेतून कुणीतरी "काटा जपा रे" म्हणालं आणि सगळे हसले. ज्यांचे ब्याण्णव होते तेही हसले. यंदा ते तपासणीला येत नाहीयेत. मुद्दे तयार आहेत, पण शब्दच मिळत नाही. 'लठ्ठ' म्हटलं की शिवी वाटते.

सावकाश : 'स्थूल' वापरा की. संस्कृत आहे, शास्त्रीय आहे, त्यात निंदा नाही.

घाटावरचा : निंदा नाही? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 21 वा अध्याय आहे, नावच 'अष्टौनिन्दितीय'. निंदित मानलेली आठ शरीरं: फार उंच, फार बुटका, फार केसाळ, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, अतिस्थूल आणि अतिकृश. स्थूल टोचत नाही, कारण तो कुणी रोज तोंडावर मारत नाही. वर्षभर कॅन्टीनमध्ये वापरा, मग बघा.

उलट 'लठ्ठ' मुळात वाईट नाही. पगार लठ्ठ असला की आपण खूशच असतो. विद्वान 'जाडा' असतो, साहेबाचं वरच्या ऑफिसात 'वजन' असतं. माणसाच्या अंगावर आला की शब्द बिघडतो.

भातखाऊ : माझी उंची 5 फूट 3 इंच, वजन 71. भात सोडू का?

सावकाश : ताई, हा शब्दांचा धागा आहे.

घाटावरचा : भाताचं डॉक्टरांना विचारा, पण तुमचा आकडा इथे कामाचा आहे. 160 सेंटिमीटर उंचीला 71 किलो म्हणजे बीएमआय 27.7 च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात 25 पासून पुढे 'जादा वजन' आणि 30 पासून 'लठ्ठपणा'. आपल्याकडचे बरेच डॉक्टर भारतीयांसाठी याच रेषा 23 आणि 25 वर धरतात, कारण आपल्याला कमी वजनातच पोटावर चरबी आणि मधुमेह गाठतो. म्हणजे एका तक्त्यानं तुमचं वजन नुसतं जादा, दुसऱ्यानं तुम्ही लठ्ठ. बाई तीच, काटा तोच. त्यात बीएमआयला चरबी कुठली आणि स्नायू कुठले हे कळत नाही. तपासणीच्या कागदावर हा शब्द आला तर तो तक्त्यातला रकाना असतो, एवढं भाषणात सांगितलं तरी पुष्कळ.

रानमेवा : माझं उलटं झालं. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. ऑफिसात रोज कौतुक, "काय मेन्टेन केलंयस! डाएट सांग ना." मी काहीच करत नव्हते. रात्री चार-चारदा उठून पाणी प्यायचे. शेवटी तपासलं तर उपाशीपोटी साखर 310. एकानंही "बरी आहेस ना?" विचारलं नाही. मलाही ते कौतुक आवडत होतं, हे कबूल करते.

घाटावरचा : हेच म्हणत होतो. नामापेक्षा क्रियापद पाहा. 'वजन वाढलं' यात माणूस बाजूला राहतो. 'वाढवलंस' म्हटलं की दोष अंगावर येतो. 'कमी केलंस' यात शाबासकी आहे आणि न केलेल्या कष्टांचं श्रेयही. थायरॉइड बिघडलं, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी वजन वाढतं. ते कुणी 'वाढवलेलं' नसतं.

ढेरपोट्या : मला 'जाड'च म्हणा. आयडी बघा माझा! 'लठ्ठपणा असलेली व्यक्ती' असलं सरकारी मराठी बोलून माझं पोट काही आत जाणार नाही.

तळटीप : स्वतःला म्हणा, तुमचा हक्क आहे. मी म्हटलं तर?

ढेरपोट्या : तुम्ही म्हटलंत तर... बघावं लागेल.

तळटीप : सध्या असं ठरवलंय. भाषणात कुठलंच विशेषण नाही, फक्त 'वजन'. कुणाशी बोलायचंच असेल तर एकट्यात, आणि आधी "वजनाबद्दल बोललं तर चालेल का?" नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला. काटा पडद्याआड जाईल, आकडा न बोलता कागदावर लिहायचा. ब्याण्णववाल्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

रानमेवा : आणि 'तब्येत सुधारली'चं काय? औषधं सुरू झाल्यावर माझे सहा किलो परत आले. परवा सासूबाई खूश होऊन तेच म्हणाल्या आणि त्याच दुपारी मैत्रीण मला चिडवायला तेच म्हणाली.